करसवलत हाही खर्चच: एका फिरत्या संदेशाला उत्तर

"करसवलत म्हणजे सरकारनं काही दिलं असं नव्हे. माझ्या घामाचा पैसा माझ्या खिशात राहिला, एवढंच. खर्च म्हणजे तिजोरीतून बाहेर गेलेला पैसा. सवलतीत तिजोरीतून एक रुपयाही जात नाही. तिला खर्च म्हणायचं तर मग माझा सगळा पगारच सरकारचा ठरतो! शिवाय सवलत कायद्यानं सगळ्यांना सारखी असते, फुकट वाटपासारखी निवडक लोकांना नाही. आणि सवलती बंद केल्या की तेवढा पैसा तिजोरीत येईल, हाही भ्रम आहे."

लातुरात मी लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतो. जुलै महिन्यात टेबलावर फॉर्म १६चा ढीग असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत हा संदेश चार-पाच गटांवरून माझ्याकडे आला. पाठवणाऱ्यांत माझे अशीलही होते. यातलं शेवटचं वाक्य बरंचसं खरं आहे, ते मी शेवटी घेतो. बाकीच्यांशी माझं भांडण आहे, आणि ते मी मन लावून भांडणार आहे, कारण ज्यांच्या फाइली माझ्या टेबलावर येतच नाहीत त्यांच्यावर या समजुतीनं अन्याय होतो.

आधी तिजोरीचं पाहू. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा दर उंबऱ्याला वर्गणी ठरते. समजा शंभर उंबरे आहेत, मंडप, कीर्तनकारांची बिदागी आणि काल्याची पंगत धरून एक लाख लागणार आहेत, म्हणून उंबऱ्याला हजार ठरले. आता पंचांनी दहा घरांना सांगितलं, "तुम्ही राहू द्या." पेटीतून काही गेलं नाही, खरं आहे. पण पेटीत नव्वद हजारच आले. मग एक तर उरलेल्या नव्वद घरांनी १,१११ रुपये द्यायचे, नाही तर पंगतीत गोड कमी करायचं, नाही तर उसनवारी. पंचांनी त्या दहा घरांकडून हजार घेऊन संध्याकाळी परत नेऊन दिले असते, तरी हिशेब तोच राहिला असता. पहिल्या प्रकारात वहीत काहीच लिहिलं जात नाही आणि दुसऱ्यात खर्चाची एक ओळ येते, फरक एवढाच.

वर्गणी मनाची असते, कर सक्तीचा असतो, हे मला मान्य आहे. म्हणून कारखान्यांचं उदाहरण घेतो. तिथं हाच प्रकार सरकारी वहीत घडलेला आहे.

मराठवाड्यासारख्या मागास भागांत उद्योग यावेत म्हणून राज्य सरकारनं सामूहिक प्रोत्साहन योजना राबवली. तिची पहिली आवृत्ती १९६४ची, पुढं १९७९, १९८८, १९९३ अशा नव्या आवृत्त्या येत गेल्या. तालुका जितका मागास तितकी सवलत जास्त, हे तिचं सूत्र. वाळूजसारख्या औद्योगिक वसाहती वाढल्या त्या या काळात. तेव्हाची मुख्य सवलत विक्रीकराची होती, आणि ती दोन तऱ्हांनी मिळायची. पहिली माफी: गुंतवणुकीच्या प्रमाणात ठरलेल्या मर्यादेपर्यंत विक्रीकर भरायचाच नाही. दुसरी लांबणीवर टाकलेला कर: गिऱ्हाइकाकडून कर वसूल करायचा, स्वतःकडे ठेवायचा आणि काही वर्षांनी बिनव्याजी भरायचा. ही दुसरी तऱ्हा नीट पाहा. बिनव्याजी पैसा काही वर्षं वापरायला मिळणं याला आपण बाजारात कर्ज म्हणतो, आणि त्याचं व्याज कुणीतरी सोसलेलं असतं. या सगळ्याची राज्याच्या खर्चाच्या बाजूला ओळ नव्हती. जमेच्या बाजूला विक्रीकर कमी दिसायचा, बस.

पुढं व्हॅट आला आणि १ जुलै २०१७ला जीएसटी. जीएसटी ही साखळी आहे. कारखान्यानं भरलेल्या कराचं क्रेडिट पुढच्या व्यापाऱ्याला मिळतं, म्हणजे त्याच्या करातून तेवढी रक्कम वजा होते, त्यामुळं मधल्याच एका कारखान्याला राज्यानं परस्पर माफी देऊन चालत नाही, साखळी तुटते. मग राज्यात कोणती पद्धत उरली? कारखान्यानं आधी राज्याचा जीएसटी भरायचा आणि पात्रतेप्रमाणं तो नंतर औद्योगिक प्रोत्साहन अनुदान म्हणून परत घ्यायचा. हे अनुदान अर्थसंकल्पात तरतूद होऊन निघतं.

आता एक कारखाना मनात धरा, वर्षाला एक कोटी राज्यकर लागणारा आणि पूर्ण सवलतीला पात्र असलेला. माफीच्या काळात त्यानं एक कोटी भरले नाहीत. परताव्याच्या काळात त्यानं एक कोटी भरले आणि एक कोटी परत घेतले. कारखान्याच्या खिशात वर्षाअखेर तेवढेच पैसे. राज्याच्या हातातही तेवढेच. पण पहिल्या प्रकारात खर्च शून्य, आणि दुसऱ्यात उद्योग खात्याच्या नावावर एक कोटींचा खर्च. संदेशातल्या व्याख्येनं पाहिलं तर माफीच्या काळात राज्य या कारखान्याला काहीच देत नव्हतं आणि परताव्याच्या काळात एकदम कोटी द्यायला लागलं. कारखानदाराला विचारा, त्याला असा काही फरक जाणवला का. जाणवला असेल तो एवढाच, की आता परतावा येईपर्यंत वाट पाहावी लागते.

केंद्रातही हेच घडलं, आणि तिथून एक जास्तीची गोष्ट उघड झाली. हिमाचल, उत्तराखंड आणि ईशान्येच्या राज्यांतल्या कारखान्यांना उत्पादन शुल्काची माफी होती. जीएसटीनंतर ती चालेना, म्हणून उरलेल्या मुदतीसाठी केंद्रानं परताव्याची योजना काढली. पण परतावा पूर्ण नव्हता. रोखीनं भरलेल्या केंद्रीय जीएसटीच्या ५८ टक्के. ५८च का? कारण तेव्हा चौदाव्या वित्त आयोगाप्रमाणं केंद्राच्या करांतले ४२ टक्के राज्यांना जायचे. केंद्र म्हणालं, आमच्या हातात उरतात ५८, आम्ही तेवढेच परत देऊ. म्हणजे माफी चालू होती तेव्हा तिचा उरलेला भार देशातली सगळी राज्यं मुकाट्यानं उचलत होती. सवलत केंद्रानं जाहीर करायची आणि तिच्यातला मोठा वाटा महाराष्ट्रासकट सगळ्यांनी सोसायचा. ओळ खर्चाच्या बाजूला आली तेव्हाच हा वाटा नजरेस पडला.

म्हणून अर्थतज्ज्ञ सवलतीला खर्चासारखं मोजतात. ही कल्पना मांडली स्टॅन्ली सरे यांनी. ते कायद्याचे प्राध्यापक, आणि १९६१ ते १९६९ या काळात अमेरिकेच्या अर्थखात्यात करधोरणाचे प्रमुख होते. १९६७ साली एका भाषणात त्यांनी अशा सवलतींना 'करखर्च' म्हटलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्यांची पहिली यादी छापली गेली. १९७४च्या कायद्यानं ही यादी तिथल्या अर्थसंकल्पाचा भाग झाली. आपल्याकडं केंद्र सरकार २००६-०७च्या अर्थसंकल्पापासून असं विवरणपत्र देतं. आधी त्याचं नावच 'सोडलेला महसूल' असं होतं, नंतर 'करसवलतींचा महसुलावरील परिणाम' असं सौम्य झालं. जमेच्या अंदाजपत्रकाला ते परिशिष्ट म्हणून जोडलेलं असतं. खुद्द अर्थमंत्रीही हीच भाषा बोलतात. सप्टेंबर २०१९मध्ये कंपन्यांचा कर कमी केला तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडला, असा आकडा सरकारनंच दिला होता. याला हातचलाखी म्हणायचं तर ती सरकारच्या स्वतःच्या कागदावर आहे.

आता पगाराचं. हा आक्षेप वाचायला जोरदार वाटतो, पण तो मोजणीची सुरुवात चुकीच्या ठिकाणी धरतो. करखर्च मोजताना कुणीही शंभर टक्के करापासून खाली मोजत येत नाही. सुरुवात होते ती कायद्याच्या स्वतःच्या नियमापासून. जुन्या करपद्धतीत अमुक उत्पन्नापर्यंत कर नाही, पुढच्या टप्प्याला पाच टक्के, मग वीस, मग तीस, हा नियम. तुमच्या पगारातला जो भाग या नियमानंच तुमच्याकडे राहतो, तो कुणाच्याही यादीत येत नाही. यादीत येतो तो अपवाद: नियमाप्रमाणं कर लागला असता, पण तुम्ही विमा घेतला, घर घेतलं, अमुक तालुक्यात कारखाना टाकला, म्हणून लागला नाही. तुमचा पगार तुमचाच आहे. प्रश्न इतकाच आहे, की तेवढाच पगार असलेल्या शेजाऱ्यापेक्षा तुम्ही कमी कर भरलात तर तो फरक कुठून आला.

नियम कुठं संपतो आणि अपवाद कुठं सुरू होतो, यावर मात्र खरेखुरे वाद आहेत, आणि ते लपवायचं कारण नाही. किराणा दुकानदार मालाची खरेदी, दुकानाचं भाडं, पोराचा पगार वजा करतो. ती सवलत नाही, त्याशिवाय त्याचं उत्पन्न किती हेच कळणार नाही. यंत्राची झीज वजा होते तीही तशीच. पण यंत्र जितकं झिजतं त्याहून जास्त वेगानं झीज धरायला परवानगी दिली, तर तो जास्तीचा भाग सवलत झाला. नोकरदाराची प्रमाणित वजावट ही नोकरीला येणाऱ्या खर्चाची ढोबळ भरपाई म्हणायची की सवलत? दोन्ही बाजूंनी बोलणारे शहाणे लोक आहेत. सरसकट सगळ्यांचा दर कमी केला तर तो नियमच बदलला, असं मी मानतो, आणि म्हणून २०१९च्या त्या कंपनीकराच्या कपातीला मी करखर्च म्हणताना जरा थबकतो, सरकारनं आकडा दिला असला तरी. काठावरची अशी दहा-वीस प्रकरणं निघतील. काठ धूसर आहे म्हणून मधलं सगळं गायब होत नाही.

संदेशातला 'सगळ्यांना सारखी' हा दावा मला सगळ्यांत जास्त लागला. मी रोज जे पाहतो त्याच्या तो थेट उलट आहे.

आर्थिक वर्ष २०२२-२३च्या तीन फाइली घेतो. ते वर्ष अशासाठी, की तेव्हा माझ्याकडचे बहुतेक अशील जुन्या करपद्धतीतच होते, आणि त्या पद्धतीत राहत्या घराच्या कर्जावरचं वर्षाला दोन लाखांपर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा होतं. ओळख पटू नये म्हणून आकडे गोल केले आहेत. तिघांचंही घर लातुरातच, एकाच बाजूच्या नव्या वस्तीत. तिघांचंही कर्ज साधारण पंचवीस लाख, व्याज साडेआठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पहिल्या वर्षांत तिघांनीही बँकेला दोन लाखांहून थोडं जास्त व्याज भरलं.

पहिले प्राध्यापक. बाकीच्या वजावटी जाऊन त्यांचं करपात्र उत्पन्न चौदा लाख होतं. घरकर्जाचे दोन लाख वजा झाले आणि बारा राहिले. हे दोन लाख तीस टक्क्यांच्या टप्प्यातले. वाचले साठ हजार, वर चार टक्के उपकर, एकूण ६२,४०० रुपये.

दुसऱ्या जिल्हा परिषदेच्या शिक्षिका. नऊ लाखांचे सात झाले. हे दोन लाख वीस टक्क्यांच्या टप्प्यातले. वाचले उपकरासह ४१,६००.

तिसरे शिवणकामाचं दुकान चालवणारे. नवरा-बायको दोघं मशीनवर बसतात, पण दुकान आणि कर्ज नवऱ्याच्या नावावर. उत्पन्न साडेचार लाख. जुन्या पद्धतीत पाच लाखांपर्यंत सूट मिळून कर शून्यच होता. दोन लाख वजा केले काय, न केले काय, शून्यातून काही कमी होत नाही. वाचले शून्य.

व्याज तिघांनी सारखंच भरलं. कायद्यातलं वाक्यही तिघांना सारखंच लागू. पण वजावट उत्पन्नातून होत असल्यामुळं तिची किंमत तुमच्या वरच्या टप्प्याच्या दरावर ठरते. दर मोठा, तर मदत मोठी. सगळ्यांत कमी कमावणाऱ्याला सगळ्यांत जास्त अडचण, आणि मदत मात्र काहीच नाही. मी शिवणकामवाल्यांना हे समजावून सांगत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे साहेब, मी अजून जास्त कमावलं असतं तर सरकारनं माझं व्याज भरलं असतं?" याहून नेमकं मी काही सांगू शकलो नसतो.

आता हीच सवलत शासन निर्णय म्हणून लिहून पाहा. 'घरकर्ज असलेल्या नागरिकांना व्याजासाठी वार्षिक साहाय्य देण्यात येत आहे. करपात्र उत्पन्न बारा लाखांहून अधिक असल्यास ६२,४०० रुपये. सात ते दहा लाख असल्यास ४१,६००. पाच लाखांच्या आत असल्यास अर्ज करू नये.' असा कागद निघाला असता तर दुसऱ्या दिवशी तहसीलवर मोर्चा गेला असता, आणि त्या मोर्चात मीही असतो. पण कराच्या कायद्यात तीच गोष्ट दोन ओळींत बसते आणि वर्षानुवर्षं कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

याच्या शेजारी घरकुल ठेवून पाहू. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात, सपाट प्रदेशात, २०२२-२३मध्ये घरामागं एक लाख वीस हजारांची मदत होती. आयुष्यात एकदाच. त्यासाठी यादीत नाव लागतं, ग्रामसभेत ते वाचलं जातं. मंजुरीनंतर पैसे हप्त्यांनी येतात: जोतं झालं की जागेवर उभं राहून फोटो, पुढचा टप्पा झाला की पुन्हा फोटो, आणि फोटो चढला नाही तर हप्ता अडकला. रेणापूर तालुक्यातल्या एका बाईंचं हे काम मी जवळून पाहिलं. भिंती उभ्या होत्या, ढग दाटून आले होते आणि त्या पत्र्यासाठी पुढच्या हप्त्याची वाट पाहत होत्या. प्राध्यापकांना दोन वर्षांत मिळाले १ लाख २४ हजार ८००, म्हणजे घरकुलाच्या त्या एक लाख वीस हजारांपेक्षा जास्त, आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा. त्यांनी कुठं अर्ज केला नाही, फोटो काढला नाही. बँकेचा व्याजाचा दाखला कार्यालयात दिला, एवढंच. प्राध्यापकांचा यात काही दोष नाही. कायद्यानं दिलं ते त्यांनी घेतलं, आणि माझ्याच हातानं घेतलं. पण बाईंच्या घराला 'फुकट वाटप' म्हणायचं आणि प्राध्यापकांच्या घराला काहीच म्हणायचं नाही, हे मला पटत नाही. लाडक्या बहिणीला महिन्याला दीड हजार, वर्षाचे अठरा हजार होतात. त्यावर किती चर्चा झाली ते आठवा.

आणि त्या ६२,४०० रुपयांत वाटेकरी कोण, तेही सांगतो. त्यातले २,४०० उपकराचे, ते पूर्ण केंद्राचे. उरलेले साठ हजार राज्यांशी वाटून घ्यायच्या करातले. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यातले ४१ टक्के राज्यांना ठरवले, म्हणजे सुमारे २४,६०० रुपये राज्यांच्या वाट्याचे सुटले. त्यातला महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के, म्हणजे साधारण १,५५० रुपये. एका फाइलीत हा आकडा किरकोळ दिसतो. पण अशा फाइली देशभर आहेत, आणि हा हिस्सा राज्याच्या त्याच पेटीत यायचा होता जिच्यातून आपल्याकडचे रस्ते, शाळा आणि पाटाची कामं होतात.

खर्चाच्या ओळीवर दर मार्चमध्ये सभागृहात मागणी ठेवावी लागते, तिला रक्कम असते, रक्कम संपली की थांबावं लागतं. घरकुलाचं उद्दिष्ट ठरलेलं असतं. व्याजाच्या वजावटीला असं उद्दिष्ट नाही. यंदा किती लोक ती घेतील याला वरची मर्यादा नाही, आणि तिच्यावर दरवर्षी मतदान नाही. कायद्यात एकदा बसली की ती काढण्यासाठी नवी दुरुस्ती लागते. सवलतींच्या यादीची मागणी होते ती यासाठी. वरचे आकडे पाहून एखादा म्हणेल, मध्यमवर्गाच्या घराला मदत व्हायलाच हवी. म्हणू दे. पण ते आकडा समोर ठेवून म्हणावं, घरकुलाच्या आकड्याशेजारी.

आता आपल्या भागातला एक अवघड प्रश्न, जो मला याच चर्चेत एका शेतकरी मित्रानं विचारला: मग शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, तोही आमच्यावरचा खर्चच का? सरळ उत्तर देतो. राज्यघटनेनं शेती उत्पन्नावरचा कर केंद्राच्या यादीतून बाहेर ठेवून राज्यांच्या यादीत टाकला आहे. केंद्राला जो कर लावताच येत नाही तो त्यानं सोडला, असं म्हणता येणार नाही. पण घटनेच्या आड लपायचं नसेल तर फायदा कुणाला होतो ते मोजू. पाच एकर कोरडवाहू सोयाबीन धरा, एकरी आठ क्विंटल, म्हणजे आमच्याकडं चांगलं वर्ष. चाळीस क्विंटल झाले. २०२४-२५चा हमीभाव ४,८९२ रुपये, तो पूर्ण मिळाला असं समजू. एकूण आले १,९५,६८० रुपये. बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणी काहीच वजा न करताही हे जुन्या पद्धतीतल्या अडीच लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या आत आहे. या माणसाला शेतीवरची करमाफी एक रुपयाही देत नाही, कारण नियमानंच त्याला कर लागत नव्हता. ती माफी कामी येते ती ज्याचं शेतीचं उत्पन्न खरोखर मोठं आहे त्याला, आणि जो दुसरीकडचं उत्पन्न शेतीच्या नावावर दाखवतो त्याला. घरकर्जाच्या व्याजात जे दिसलं तेच इथं पुन्हा दिसतं. मित्राला हे आवडलं नाही, पण हिशेब त्यानं स्वतः करून पाहिला.

राहिलं ते शेवटचं वाक्य. त्यात तथ्य आहे, आणि केंद्राचं ते परिशिष्टसुद्धा हेच सांगतं: हे आकडे लोकांची वागणूक बदलणार नाही असं गृहीत धरून काढले आहेत, आणि प्रत्येक सवलत सुटी मोजली आहे. त्यामुळं सगळ्या ओळींची बेरीज करून 'एवढे लाख कोटी उधळले' म्हणणारेही तितकेच चुकतात. असे संदेशही फिरतात, उलट्या बाजूचे.

वागणूक कशी बदलते ते मी दर मार्चमध्ये पाहतो. कर वाचवायचा म्हणून लोक पीपीएफमध्ये पैसे टाकतात. ती एक वजावट काढली तर सगळेच कर भरत बसणार नाहीत. बरेच जण तेच पैसे विम्याच्या हप्त्यात किंवा दुसऱ्या एखाद्या वजावटीत वळवतील. म्हणजे कागदावरच्या आकड्यापेक्षा हाती कमी येईल. कारखान्याचं तर आणखी वेगळं. सवलत नसती तर तो मराठवाड्यात आलाच नसता, असं असेल तर सोडलेला कर मुळात मिळणारच नव्हता. आणि सवलतीशिवायही येणार होता, तर पूर्ण रक्कम वाया गेली. यातलं खरं काय, हे प्रत्येक ठिकाणी तपासावं लागतं, आणि आकडा छापलेला नसेल तर तपासायला सुरुवातही करता येत नाही.

उलट दिशेनं, बेरीज कमीही पडू शकते. त्याच शिक्षिकांचं उदाहरण जरा बदलून घेऊ. समजा दोन वेगवेगळ्या वजावटी, एकेक लाखाच्या, घेऊन त्यांचं करपात्र उत्पन्न नऊ लाख राहिलं. पहिली वजावट एकटी काढली तर उत्पन्न दहा लाख होतं आणि वाढीव कर, उपकर सोडून, वीस हजार. दुसरी एकटी काढली तरी वीस हजार. परिशिष्टात दोन ओळी, बेरीज चाळीस हजार. पण दोन्ही एकदम काढल्या तर उत्पन्न अकरा लाख होतं, वरचा एक लाख तीस टक्क्यांच्या टप्प्यात जातो, आणि वाढीव कर होतो पन्नास हजार. म्हणून हे परिशिष्ट वाचताना मी ओळींची बेरीज करत नाही. एकच ओळ धरतो, तिचा आकडा मागच्या वर्षाशी लावून पाहतो, आणि त्याच कामासाठी खर्चाच्या बाजूला किती तरतूद आहे ते शोधतो. घराची ओळ तर घरकुलाशेजारी, आरोग्य विम्याची ओळ तर सरकारी दवाखान्यांच्या तरतुदीशेजारी.

संदेश पुढं पाठवायचाच असेल तर त्यातलं शेवटचं वाक्य ठेवा आणि आधीच्यांच्या जागी त्या तीन फाइलींचे आकडे टाका. ६२,४००, ४१,६०० आणि शून्य.